बाईच्या पायाखालची अक्षरं

आमच्या घरी तेव्हा भिंतीवर तीनच गोष्टी होत्या. एक खुंटी, एक कंदील आणि पावसाळ्यात कौलातून पाणी झिरपून पडलेला एक डाग. माणसाचा फोटो नव्हता. म्हणून बाई नागपूरला निघाली तेव्हा मायनं घातलेली अट सगळ्यांना विचित्र वाटली.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. चांद्याला मामाकडे राहून ती मॅट्रिक झाली होती आणि नागपूरच्या टेलिफोन ऑफिसात तिला नोकरी लागली होती. कानाला यंत्र लावून बसायचं, कोणी नंबर मागितला की दोरीचं टोक त्या नंबरच्या भोकात खुपसायचं, असं ती सांगायची. गावात टेलिफोन कोणी पाहिलेला नव्हता. शेजारची मामी विचारायची, "दिवसभर भोकात दोरी खुपसाले सरकार पगार देते का वो?" बाबा सांगायचे, "देते." आणि छाती फुगवून विडी पेटवायचे.

माय काही बोलत नव्हती. धान झोडपून झालं, कोठीत भरून झालं, तरी बोलली नाही. एका सकाळी सडा टाकता टाकता म्हणाली, "पोरगी जाईन तर जाऊ दे. पण तिचा फोटो काढून घरी लावा. पायापासून डोक्यापर्यंत आख्खी उभी. फोटो भिंतीले लागन, मंगच मी तिच्या हातावर दही देईन."

आमच्या घरात मायनं हातावर दही दिल्याशिवाय कोणी परगावी निघत नव्हतं. बाबासुद्धा नाही. एकदा मायवर रुसून ते तसेच सिंदेवाहीला निघाले होते, ते गावाबाहेरच्या बोडीपासून, म्हणजे तळ्यापासून, परत आले आणि तळहात पुढं करून मुकाट उभे राहिले. तेव्हा फोटो नाही तर दही नाही आणि दही नाही तर नागपूर नाही, हे न सांगता सगळ्यांना कळलं. बाईला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं.

फोटोवाला होता तो मूल या गावी. ते आमच्यापासून बैलबंडीनं सकाळच्या सकाळी गाठता येतं. बाबांना तसंही भरडायला धान न्यायचं होतं, म्हणून बाई, बाबा आणि मी पोत्यांवर बसून निघालो. मी कशाला, असं कोणी विचारू नये म्हणून मी आदल्या रात्रीच जाहीर केलं होतं की फोटोखाली मजकूर लागतो आणि मजकूर लिहायला मी लागते. मी नुकतीच सातवी पास झाले होते. माझं अक्षर शाळेत पहिलं होतं. ते मी एवढ्या वेळा सांगितलं होतं की आमच्या म्हशीलाही ठाऊक असावं.

फोटोवाल्याचं दुकान राइस मिलच्या मागं होतं. मिलचा कोंडा हवेत उडत असायचा, त्यामुळे तो कॅमेऱ्याचं भिंग दर थोड्या वेळानं धोतराच्या सोग्यानं पुसायचा. जाड, बोलका आणि स्वतःवर खूष असा माणूस. मागं पडदा होता, त्यावर काळीभोर झाडं, जिना आणि एक हंस. खाली पांढरट चटई. बाईनं पांढरं लुगडं नेसलं होतं, पायात काही नव्हतं, शेजारी तिची पत्र्याची पेटी ठेवली होती. "पायासकट आली पायजे," बाबा सारखे बजावत होते. "हिच्या मायनं सांगतलं हाये."

कॅमेरा म्हणजे तीन पायांवर उभी लाकडी पेटी. फोटोवाला काळ्या कापडाखाली डोकं घालून पाहायचा. मीही हट्टानं डोकं घातलं आणि किंचाळले. काचेवर बाई उलटी लटकत होती, डोकं खाली, पाय वर.

"भाऊ, तुमची पेटी बिघडली!"

"पेटी नाई बिघडली, पोट्टे, तू बाहीर हो," तो म्हणाला.

पुढं महिनाभर मी गावातल्या पोरींना सांगत होते की कॅमेरा माणसाला आधी उलटा करतो आणि मग सुलटा करायचे पैसे घेतो.

त्यानं फळी सरकवून काच आत घातली, भिंगावरची टोपी काढली, तोंडातल्या तोंडात काही मोजलं आणि टोपी परत लावली. बस्स. एवढ्यासाठी बाईनं श्वास कोंडून ठेवला होता. मग तो अंधारखोलीत गेला आणि काच औषधात धुऊन, उन्हापासून आडोशाला वाऱ्यावर वाळत ठेवली. काचेवरची बाई कोळशासारखी होती. पांढरं लुगडं काळं, काळे केस पांढरे, चटई काळी, आणि मागची काळी झाडं नुसती आरपार काच. मला ते भुतासारखं वाटलं. बाईला मात्र हसू आलं. "मी सासूच्या वयाची दिसून राह्यली," ती म्हणाली.

मजकुरावर चर्चा सुरू झाली ती तेव्हा. बाबांना त्यात गाव पाहिजे होतं, तालुका पाहिजे होता, ऑफिसचं नाव पाहिजे होतं. मी वहीच्या पानावर मजकूर तयारच करून आणला होता. आज तो आठवला की मला त्या पोरीचा कान धरावासा वाटतो. "आमची परमप्रिय ज्येष्ठ भगिनी टेलिफोन खात्यातील सेवेकरिता नागपूर नगरीस प्रयाण करतेवेळी. अभिमानाने ऊर भरून आला असून विरहाने व्याकूळ कनिष्ठ भगिनी." नागपूर नगरी! मी नागपूर पाहिलंसुद्धा नव्हतं. विरह म्हणजे काय तेही मला नीट माहीत नव्हतं. एका पुस्तकात तो शब्द होता आणि तिथं सगळे रडत होते, म्हणून घेतला होता.

फोटोवाल्यानं वाचलं आणि पान परत दिलं.

"काच हाये हे, पोट्टे. गावची चावडी नाई. एवढं लिवलं तर पोरगी कुठी उभी करू?"

त्यानं काचेच्या तळाशी बोट आडवं धरलं. तेवढीच जागा. बाबांनी तालुका सोडला, मग गाव सोडलं. मी ज्येष्ठ भगिनी सोडली, मग नगरी, मग विरह. प्रत्येक शब्द काढताना मी असा चेहरा करत होते जसं माझंच काही कापलं जातंय. शेवटी राहिलं ते असं: "टेलिफोनच्या नोकरीवर नागपूरला निघालेली आमची बाई. अभिमान वाटतो, आठवण येते."

बाई बाजूला पेटीवर बसून केळं खात होती. "मी अजून इथीच हाये," ती म्हणाली. "आठवण कायची येते?"

"येते मले," मी ठसक्यात म्हटलं.

आता लिहायची पद्धत. कागदावर लिहितो तसं काचेवर लिहून चालत नाही. औषधाचा पापुद्रा असतो ती बाजू वर घेतली की चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं. अक्षरंही तशीच उलटी लिहावी लागतात, उजवीकडून डावीकडं, म्हणजे कागदावर छापल्यावर ती सुलटी येतात. त्यासाठी आधी पातळ कागदावर पेन्सिलीनं लिहायचं, कागद पालथा करून खिडकीच्या उजेडावर धरायचा आणि मागून दिसतं तसं गिरवायचं. ते पाहून पाहून काचेवर उतरवायचं.

दुसरी गोष्ट रंगाची. फोटोत जिथं काळं येणार, तिथं काच आरपार असते. तिथं लाल शाई लावली की उजेड अडतो आणि कागदावर अक्षर पांढरं उमटतं. पण खाली चटई होती. चटई फोटोत पांढरट, म्हणजे काचेवर आधीच काळी. तिथं शाई लावून काही दिसणार नव्हतं. तिथं सुईनं पापुद्रा खरवडायचा. खरवडलेल्या जागेतून उजेड जातो, अक्षर काळं येतं. शाई ओल्या कापसानं पुसता येते. खरवडलेलं पुसता येत नाही.

एवढं सगळं सांगून झाल्यावर फोटोवाल्यानं उतरत्या मेजावर काच ठेवली, खालच्या आरशातून तिच्यावर उजेड पाडला आणि सुई माझ्या हातात दिली. बाबांनी माझ्या अक्षराची एवढी तारीफ केली होती की त्याला कंटाळा आला असावा. "घे, लिव. माहा हात वाचला."

मी लिहिलं. जीभ बाहेर काढून लिहिलं. पापुद्र्याच्या बारीक काळ्या साली निघत होत्या, त्या मी फुंकत होते. उलट्या वेलांट्या, उलटे उकार, शेवटी एक लांब शिरोरेषा. एकही चूक नाही. जागा कमी होती, मजकूर एका ओळीत बसवायचा होता, आणि मधोमध बाईचे पाय होते. मी अडले नाही. अक्षरं पायांवरून नेली. अंगठ्यांवरून "निघालेली" आणि बोटांवरून "आमची". मला ते फार देखणं वाटलं. जत्रेत पायाला अळता लावतात तसं.

फोटोवाल्यानंही काही म्हटलं नाही. त्याच्याकडं मिलचे शेठ बूट घालून खुर्चीत बसायचे आणि नाव बुटांवर यायचं, त्याला ती सवय होती. त्यानं काचेला कागद लावून चौकटीत आवळला, अंधारखोलीत दिव्यापुढं धरला, औषधाच्या पाण्यात घातला. कागदावर हळूहळू बाई आली. तिच्या आधी माझं अक्षर आलं, असं मी सर्वांना सांगत असे. ते खोटं आहे. सगळं बरोबरच आलं.

संध्याकाळी घरी पोचलो. मायनं हात धुतले, पदराला पुसले आणि फोटो चुलीच्या उजेडात धरला. मी शेजारी उभी राहून वाचून दाखवायच्या तयारीत घसा साफ करत होते. माय शिकलेली नव्हती, पण अक्षर म्हणजे काय हे तिला माहीत होतं. अंगणात वाण्याच्या पुडीचा कागद पायाखाली आला तरी ती वाकून हात लावायची आणि कपाळाला न्यायची. ती बराच वेळ चेहऱ्याकडं पाहत होती. चेहरा तिला आवडला असावा. मग नजर खाली गेली.

"हे कोणं केलं?"

"म्या," मी म्हटलं. अजून शाबासकीचीच वाट पाहत होते.

"अक्षरावर पाय देऊन उभी केली पोरीले?"

मायनं फोटो बाबांपुढं धरला.

"ज्या अक्षरानं नोकरी देल्ली, त्याच्यावरच उभी? अन् निघाच्या टायमाले?" मायनं फोटो पाटावर पालथा ठेवला. "हा भिंतीले नाई लागत."

बाबांनी बाजू लढवली. "अवो, चपलेतबी अक्षर असते. कंपनीचं नाव असते. लोक घालूनच राह्यले ना?"

"मंग तुमीच लावा चपला भिंतीले," माय म्हणाली आणि भात उतरवायला गेली.

बाई रात्रभर पेटी भरत आणि उपसत होती. मी अंथरुणात पडून ठरवलं की माय अडाणी आहे, कलेतलं तिला काही कळत नाही. मग हेही लक्षात आलं की बाई गेली नाही तर माझ्यामुळं जाणार नाही. त्यात एक गंमत होती. मला ती जायला नकोच होती. पण असं नको होतं.

सकाळी बाबा बैल जुंपायला गेले तर माय बंडीत आधीच बसलेली. डोक्यावर पदर, मांडीवर फोटो, फडक्यात गुंडाळून. "चला," ती म्हणाली. बाईला तिनं घरी ठेवलं. मला मात्र घेतलं. गुन्हेगाराला जागेवर न्यावं तसं.

फोटोवाला मायपुढं जरा आखडला. त्यानं फोटो पाहिला, पाय पाहिले आणि म्हणाला, "एवढंच ना? खालून कापून देतो. अक्षरबी गेलं, झगडाबी गेला."

"खालून म्हंजे पाय?"

"हो. घोट्यापासून."

"पाय कापतो माह्या पोरीचे?" माय एवढ्या जोरात म्हणाली की मिलमधला हमाल डोकावला. "पाय नाई तर वापस कशी येईन थे?"

बाबा म्हणाले, "अवो, फोटोतले पाय..."

"तुमी गप रहा. तुमच्या चपला पाह्यल्या म्या काल."

फोटोवाल्याला राग आला होता आणि हसूही येत होतं. दोन्ही दाबून तो मेजावर बसला. खरवडलेलं पुसत नाही, हे मी आधी सांगितलं आहे. पण बुजवता येतं. त्यानं बारीक कुंचल्यानं प्रत्येक अक्षराच्या भेगेत लाल शाई भरली. म्हणजे तिथून उजेड जाणार नाही आणि काळ्या अक्षराच्या जागी पांढरी रेघ येईल. चटई पांढरटच, त्यावर ती हरवेल. बोटांवर मात्र दिसेल. तिथं छापल्यावर कागदावरच पातळ काळा रंग टिंबाटिंबानं लावून बुजवायची. माझी आख्खी ओळ तो एकेक अक्षर करून बुजवत गेला. "अभिमान" संपला तेव्हा मी रडायला लागले.

"का लिवलं होतं त्याच्यात?" मायनं पहिल्यांदा विचारलं.

मी हुंदके देत देत वाचलं. पाठच होतं. टेलिफोनच्या नोकरीवर नागपूरला निघालेली आमची बाई. अभिमान वाटतो, आठवण येते.

माय ऐकून घेत होती. मग पडद्यावरच्या काळ्या झाडांकडं पाहून म्हणाली, "डोस्क्यावर जागा हाये ना? तिथी लिव. घागर डोस्क्यावर नेतो, देवाची टोपली डोस्क्यावर नेतो. अक्षरबी तिथीच शोभते."

तिथं काच आरपार होती, म्हणजे लाल शाईनं लिहायचं, अक्षर पांढरं येणार. पण जागा आणखी कमी. बाई उंच होती, डोक्यावर दोन बोटंच उरली होती. परत कापाकापी. माझ्या मनानं "टेलिफोन" जाऊ द्यायला हरकत नव्हती. मायनं उलट सांगितलं.

"नोकरी राहू दे. नागपूर राहू दे. अभिमान काढ."

"काऊन?"

"येणारे-जाणारे वाचतीन. एवढी मोठी गोष्ट भिंतीवर मांडून ठेवतो का कोणी? नजर लागन पोरीले."

"मंग आठवण?"

"थे तर अजून गेलीबी नाई. आतापासूनच आठवण लिवून ठेवली तर तिथी जीव कसा लागन तिचा? काढ."

असं करून राहिलं: "नागपूरला टेलिफोनच्या नोकरीवर." दुकानाच्या पाटीसारखं. मी ते उलटं लिहिलं, नाकातलं पाणी मागं ओढत. माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा साहित्यिक अन्याय तो होता, असं मी पुढं पुष्कळ वर्षं मानत होते.

शाई वाळेपर्यंत माय मेजाशी थांबली. तिनं बोट दाखवून विचारलं, "हे सुईनं खरवडलं म्हंजे फोटोत काळं येते?"

"येते," फोटोवाला म्हणाला.

"मंग गालावर एक टिंब कर. कानाजवळ."

त्याला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा तो उठूनच उभा राहिला. "चेहऱ्यावर? अवो, लोकायच्या चेहऱ्यावरचे डाग काढून जगतो मी! अन् थे पुसत नाई मंग."

"पुसाले कोणं सांगतलं?"

"मी नाई मारत चेहऱ्यावर सुई."

मायनं सुई त्याच्या हातातून घेतली. सुई तिला परकी नव्हती, गोधड्या शिवून हात बसलेला होता. ती काचेवर वाकली. लहानपणी आम्हाला न्हाऊ घातल्यावर काजळाची तीट लावायची, तेव्हा ती आमची हनुवटी डाव्या हातानं धरायची. इथं धरायला हनुवटी नव्हती, म्हणून तिनं काचेची कड धरली. एकदाच टोचलं, जरासं फिरवलं, फुंकर मारली आणि सुई परत दिली.

"छाप आता," म्हणाली.

छापल्यावर टिंब मोहरीएवढं आलं. डाव्या गालावर, कानाच्या पुढं. फोटोवाल्यानं पायाच्या बोटांवरच्या पांढऱ्या रेघा कुंचल्यानं मिटवल्या. नीट पाहिलं तर उजव्या अंगठ्यावर अजून एक फिकट वेलांटी दिसते, ती माझी. गालाकडं तो पाहत नव्हता. "माह्या दुकानाचं नाव कोणाले सांगू नका," एवढं म्हणाला. त्यानं चौकट आणि काच बसवून दिली.

जायच्या दिवशी बाबांनी कंदिलाच्या शेजारी खिळा ठोकला. माय खाली उभी राहून डावीकडं, उजवीकडं सांगत होती. बाई पेटीला दोरी बांधून आली आणि वर पाहून थांबली.

"माये, माह्या गालाले का झालं?"

"काई नाई झालं. हात पुढं कर."

बाईनं हात पुढं केला. मायनं त्यावर दही ठेवलं, वर साखर घातली. बाईनं ते चाटून खाल्लं, तळहात लुगड्याला पुसला आणि मायच्या पाया पडली. नंतर ती आरशात गाल पाहायला आत गेली, तिथं काहीच नव्हतं, तरी परत येताना ती त्या जागी बोट फिरवत होती. मायकडं तिनं पाहिलं नाही. माय दह्याचं भांडं झाकत होती.

मूलहून छोटी गाडी, नागभीडला बदलायची, मग नागपूर. स्टेशनवर फक्त बाबा जाणार होते. बंडी हलली तेव्हा मी मागं धावले. रडायचं ठरवलं होतं, पण तोंडातून वेगळंच निघालं.

"वरचं अक्षर माह्यं हाये! नागपूरच्या सगळ्यायले सांगजो! अक्षर माह्यं हाये!"

बाईनं पोत्यावरून हात हलवला. फोटो घरी भिंतीवर होता आणि त्याची दुसरी प्रत काढलेली नव्हती. नागपुरात ती कोणाला काय दाखवणार, हे मला बंडी बोडीच्या वळणाआड गेल्यावर सुचलं.